मानेमागचा घाम

(दृश्य – ओसरी, कूलर चालू, पोरगी पाठमोरी बसलेली)

हा शॉट नीट बघा. मे महिना आहे, रावेर तालुक्यातलं गाव, दुपारचा दीड वाजत आलाय आणि बाहेर पारा चव्वेचाळीसच्या वर. अशा उन्हात घाम कुणाला येत नाही, कॅमेरा धरणारा आमचा पोरगाही निथळत होता. पण ही कूलरच्या अगदी समोर बसलीये, गार वाऱ्यात, आणि तरी मानेमागे केसांची कड ओली झालीये. आजी मागून येते आणि पहिले तिथंच हात लावते. कपाळाला नाही, मानेला.

"काय झालं वं माय तुले?"

पोरगी काही सांगत नाही. सांगणार तरी काय, दोन वर्षं तीन महिन्यांची आहे. "मम्मम", "भू", "नको" आणि "आजी", एवढीच तिची भाषा. चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, हातपाय थरथरतायत हे मोठा माणूस सांगू शकतो. हिला ते काय होतंय तेच कळत नाही, सांगायचं तर लांबच राहिलं. घरात तिला सगळे छकुली म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. तिला टाईप वन डायबिटीस आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतच नाही, बाहेरून द्यावं लागतं, आणि बाहेरून दिलेलं इन्सुलिन पोटात घास गेला की नाही ते बघत नाही, ते रक्तातली साखर उतरवत सुटतं.

(दृश्य – चेहरा, जवळून)

आता चेहरा. ओठांच्या भोवती पांढुरकं पडलंय, दिसतंय? हातात प्लास्टिकचा ट्रॅक्टर होता तो गळून पडला आणि तिनं उचलला नाही. आईनं नावानं हाक मारली, दोनदा, तिनं मान वळवली पण नजर कुठंतरी दुसरीकडेच. आई याला "शून्यात बघते" म्हणते. आठ महिन्यांपूर्वी निदान झालं तेव्हापासून आईनं एक वही ठेवलीये, त्यात साखर सत्तरच्या खाली गेली तेव्हा तेव्हा पोरगी आधी कशी वागत होती ते लिहिलंय. मला या वहीचं फार महत्त्व वाटतं. पुस्तकात वीस लक्षणं असतात, पण प्रत्येक पोराची आपली दोन-तीनच ठरलेली असतात आणि ती घरातल्याच माणसाला सापडतात. छकुलीची तीन आहेत – मानेमागचा गार घाम, हातातली वस्तू सोडून देणं, आणि उगाचच कडेवर घे म्हणून लोंबकळणं. शेजारच्या गावात असंच एक पोरगं आहे, ते साखर उतरली की चावतं. त्याच्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं की पोरगं हट्टी झालंय.

या वयात हट्ट आणि उतरलेली साखर दोन्ही सारखंच दिसतं, भोकाड पसरणं, लोळणं, फेकाफेक. बघून फरक कळत नाही आणि कळल्यासारखं धरूनही चालू नये. म्हणून या घरात एक शिस्त आहे, आधी बोट टोचून साखर बघणं, मग ओरडणं. आणि साखर मोजायचं मशीन हाताशी नसेल, शेतात असाल, बसमध्ये असाल, तर साखर उतरलीच आहे असं समजून ग्लुकोज द्यायचं. थोडी वर गेली तर नंतर बघता येतं, खाली गेलेली थांबत नाही.

(दृश्य – ग्लुकोमीटर, बोट, स्क्रीन)

आता जे झालं ते आम्ही ठरवून शूट केलेलं नाही, कॅमेरा चालू होता म्हणून सापडलं.

आईनं बोट टोचलं, स्ट्रिप लावली, पाच सेकंद. आकडा आला 118. म्हणजे छान. आम्ही सगळे सुटलो. आई नाही सुटली. ती स्क्रीनकडे बघते, मग परत मानेला हात लावते, मग पोरीच्या बोटांकडे बघते, आणि उठून मोरीत घेऊन जाते.

बोटांना केळं लागलेलं होतं. तासाभरापूर्वी अर्धं केळं दिलं होतं, खाल्लं एखादा घास आणि बाकी मुठीत कुस्करलं. आपल्या भागात ही गोष्ट घरोघरी होणार, इथं केळ्याची फणी दाराला टांगलेलीच असते. बोटावर फळाची साखर राहिली की ती रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मशीन ती पण मोजतं, म्हणून आकडा खोटा वर दाखवतं. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून ती नीट जात नाही. साबण-पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, मग टोचायचं. पाणी जवळ नसेल तर ओल्या फडक्यानं पुसून, पहिला थेंब टिपून टाकून दुसरा घ्यायचा.

धुतल्यावर परत टोचलं. 58.

(दृश्य – वाटी, चमचा, ग्लुकोज पावडर)

इथून पुढं आईचे हात बघा, घाई आहे पण गडबड नाही. ग्लुकोज पावडरचा एक सपाट छोटा चमचा, दोन-तीन घोट पाण्यात. एवढंच. मोठ्या माणसाला पंधरा ग्रॅम देतात, लहान पोराला वजनाच्या हिशोबानं, किलोमागे साधारण 0.3 ग्रॅम. छकुली अकरा किलोची आहे म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि तो छोटा चमचा चार ग्रॅमच्या जवळ जातो. पोरगी तोंड फिरवते, कारण साखर उतरली की पोरं चिडतात आणि नेमकं तेव्हाच काही घेत नाहीत, मग आई गालाच्या आतल्या बाजूनं चमच्याचं टोक लावून थेंब थेंब सोडते. पोरगी शुद्धीवर आहे, गिळतेय, म्हणून हे चालतं.

आजी फणीकडे हात करते, केळं देऊ का. आई नको म्हणते. केळं वाईट नाही, पण त्यातली साखर रक्तात यायला वेळ लागतो आणि आत्ता वेळच नाहीये. पेढा, चॉकलेट तर अजून उशिरा, त्यात फॅट असतं.

पंधरा मिनिटं. शूटिंगमध्ये आम्ही ती कापली, प्रत्यक्षात फार लांब वाटतात. परत टोचलं, 64. वर गेली पण अजून सत्तरच्या खालीच, म्हणून अजून एक चमचा. अजून पंधरा मिनिटं. 93. ट्रॅक्टर परत हातात आला. आणि आता अर्धं केळं, सोलून, आईच्या हातानं, कारण पुढचं जेवण लांब आहे आणि आतलं इन्सुलिन अजून संपलेलं नाही.

रात्री असं झालं तर काय, ते आमच्याकडे शूट नाही. डिसेंबरात एकदा पहाटे झटका आला होता, दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आली. पोर शुद्धीवर नसेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पोराला कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर त्यांनी सांगितलेला डोस टोचायचा आणि लगेच निघायचं.

(दृश्य – ताट, खिचडी, पळणारी पोरगी)

पण 58 आलं कशामुळं? त्याचं उत्तर सव्वाबाराच्या या क्लिपमध्ये आहे.

ताट बघून छकुलीनं टाळ्या वाजवल्या. मुगाची मऊ खिचडी, वर तूप. आईला वाटलं आज खाणार, म्हणून जेवणाआधीच पूर्ण एक युनिट इन्सुलिन दिलं. छकुलीला एक युनिट साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदकांना पुरतं, आणि ती वाटी तेवढीच होती. मोजणी बरोबर होती. पण पोरीनं चार चमचे खाल्ले आणि उठली. मग सुरू झालं, "दोन घास खाय ना वं माय", ओसरीत, अंगणात, गोठ्यापर्यंत आजी वाटी घेऊन मागं. केळं दिलं ते मुठीत गेलं. पोटात गेले सात-आठ ग्रॅम, इन्सुलिन होतं पंचवीसचं. भरभर काम करणाऱ्या इन्सुलिनचा जोर पहिल्या दीड-दोन तासात असतो, आणि दीडला मान ओली झाली.

या वयाचं पोर सकाळी दोन धिरडी खाईल आणि संध्याकाळी पाण्याशिवाय काही घेणार नाही, त्यात आईची चूक नाही, पोराचीही नाही. चूक आहे ती आधीच सगळं टोचून मग त्याच्यामागं पळण्यात. आणि पोरं हे ओळखतात हो, आईला घास जायलाच हवाय हे कळलं की जेवण म्हणजे रोजची भांडणं होऊन बसतात.

(दृश्य – पेन, काट्याचा आकडा, वही)

महिन्याभरानं आम्ही परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी रीत बदलून दिली होती. हातात इन्सुलिन टोचायचं पेन आहे, अर्ध्या युनिटपर्यंत मोजून देणारं. जेवणाआधी अर्धं युनिट, म्हणजे तिनं कितीही कमी खाल्लं तरी जेवढं पोटात जाईल असं वाटतं तेवढ्यापुरतं. मग जेवण, वीस-पंचवीस मिनिटं, नंतर ताट उचलायचं. निम्म्यापेक्षा जास्त संपलं असेल तर ताट उचलल्याबरोबर दुसरं अर्धं, तासाभरानं नाही. नाही संपलं तर दुसरं टोचायचंच नाही. आणि पहिल्या अर्ध्यापुरतंही गेलं नाही तर? तर भरून काढायला ठरलेल्या दोन गोष्टी आहेत ज्यांना ती कधी नाही म्हणत नाही, अर्धं केळं किंवा वाटीभर दूध, आणि त्यातलं केळं आईच्या हातात. दूध दिलं तर लक्षात ठेवायचं की शंभर मिलीत पाचच ग्रॅम असतात, दोन घोटांनी भागत नाही.

याची किंमत आहे. जेवणानंतर टोचलं की साखर थोडा वेळ वर चढते, आधी टोचणं त्या बाबतीत चांगलंच. डॉक्टरांचं म्हणणं, जी पोर खाण्याचा भरवसा देत नाही तिच्यासाठी हे चालेल, भरवशानं खायला लागली की परत आधी देऊ. आणि हे फक्त भरभर काम करणाऱ्या इन्सुलिनला लागू आहे. साधं रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासानं लागू पडतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं, मिक्स्ड असेल तर त्याहून वेगळं, ते घेणाऱ्या पोरांच्या आईबापांनी ही रीत मनानं उचलू नये, आपल्या डॉक्टरांशी बसून बोलावं.

(दृश्य – शेवटची दुपार)

आज कळण्याची भाकरी आहे, दुधात कुस्करलेली. आजी पोरीला मांडीवर घेते. पूर्वी "भूक लागली का" विचारायची, आता म्हणते "मान दाखव". छकुली मान खाली घालते, तिला हा खेळ वाटतो. आजीचा हात केसांच्या कडेखाली जातो, थांबतो. कोरडी आहे. आजी आईकडे बघून मान हलवते, आई पेनचा काटा अर्ध्यावर फिरवते आणि वाटी पुढं सरकवते.