भाव पंचवीस टक्के वाढला, खप पंचवीस टक्के घटला, गल्ल्याचं काय?

समजा, नाक्यावर वडापावची गाडी आहे. वडापाव 20 रुपयांना, दिवसाला 400 जातात. गल्ला 8000. गाडीवाल्याने भाव 25 केला, म्हणजे 25 टक्क्यांनी वाढवला. खप 300 वर आला, तोही 25 टक्क्यांनीच घटला. आता सांगा, गल्ला किती?

(सभागृहातून: "तेवढाच!")

हे उत्तर नेहमी येतं. पण 300 गुणिले 25 म्हणजे 7500. पाचशे रुपये गेले. कुठे गेले, ते शोधू.

जे 300 वडापाव अजून खपतात, त्यांच्यावर पाच-पाच रुपये जास्त मिळाले, म्हणजे 1500 आले. जे 100 खपले नाहीत, त्यांचे जुन्या भावाने 2000 गेले. फरक पाचशेचा. तुम्ही "तेवढाच" म्हणालात, तेव्हा मनातल्या मनात वाढलेले पाच रुपये चारशेही वडापावांवर धरलेत. जो वडापाव विकलाच नाही, त्याचे वाढीव पाच रुपये कोण देणार?

म्हणून टक्केवारीत हिशेब असा: वाढीतून घट वजा करा, आणि दोघांचा गुणाकार भागिले शंभर, तोही वजा करा. 25 वजा 25 शून्य, मग 625 भागिले 100, म्हणजे 6.25 टक्के तोटा. 8000 चे 6.25 टक्के बरोबर 500.

मग खप किती घटला तर गल्ला जागच्या जागी राहील? 320 वर आला तर, कारण 320 गुणिले 25 पुन्हा 8000. म्हणजे घट 20 टक्के. जुने लोक हे अपूर्णांकात चटकन सांगायचे: भाव चौथ्या हिश्श्याने वाढला तर खपात पाचव्या हिश्श्याची घट चालते. दहाव्या हिश्श्याने वाढला तर अकराव्याची. दुप्पट केला तर निम्म्याची.

पण थांबा, गाडीवाला रडतोय का? एका वडापावला बटाटा, बेसन, तेल, पाव मिळून 12 रुपये लागतात असं धरा. आधी सुटायचे 8, चारशेवर 3200. आता सुटतात 13, तीनशेवर 3900. गल्ला घटला आणि हातात सातशे जास्त! (हशा) म्हणून नुसता गल्ला पाहून भाव चुकला म्हणू नका. मात्र कच्चा माल जवळजवळ फुकट असेल, उदाहरणार्थ नाटकाचं तिकीट, तर गल्ला घटला की नफाही तितकाच घटतो.

खपाची घट मोजतानाही सोमवारची सोमवारशीच तुलना करा. शाळांना सुट्टी लागली त्या आठवड्यात भाव वाढवलात, तर शंभरातले किती भावामुळे गेले आणि किती सुट्टीमुळे, हे कळणारच नाही.

(प्रश्न: "मग भाव परत 20 केला तर?")

25 वरून 20 ही आता 20 टक्के कपात झाली. 7500 चा गल्ला टिकवायलाच 375 वडापाव खपायला हवेत, म्हणजे आताच्या तीनशेवर 25 टक्के वाढ. आणि समोर दुसरी गाडी लागलेली असेल, तर गेलेल्या शंभरातले हे वरचे पंचाहत्तर तिथेच उभे असतील.