व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना फोटो उघडत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

कुटुंबाच्या गटात काही महिन्यांपूर्वी आलेला फोटो आपण आज उघडायला जातो. तो धूसर दिसतो, त्यावर खाली जाणारा बाण असतो, आणि बाणावर बोट ठेवले की फाइल उतरवता आली नाही, पाठवणाऱ्याला ती पुन्हा पाठवायला सांगा, अशा अर्थाची सूचना येते. अशा फोटोची प्रत अजून कोठे असू शकते आणि ती कशी मिळवावी, याविषयी आज बोलायचे आहे.

प्रथम हे कसे घडते ते पाहू. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला जातो तेव्हा प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या गोष्टी निघतात. फोटोची फाइल पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होऊन कंपनीच्या सर्व्हरवर चढते, आणि आपल्याकडे येणाऱ्या संदेशात त्या फाइलचा पत्ता, ती उघडण्याची किल्ली आणि एक अगदी लहान, धूसर चित्र एवढेच असते. रेल्वे स्थानकावरच्या सामानघरात कोणी आपल्यासाठी पेटी ठेवावी आणि पावती तेवढी आपल्या हाती द्यावी, तसा हा व्यवहार आहे. आपण बाण दाबतो तेव्हा पेटी सोडवून आणतो. सर्व्हरवर मात्र ती तात्पुरतीच ठेवलेली असते. ठेवण्याचा काळ उलटला की ती काढून टाकली जाते आणि पावती आपल्याजवळ तशीच राहते. म्हणून मजकूर दिसतो, धूसर चित्र दिसते, पण फोटो मिळत नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. सर्व्हरवरून काढलेली फाइल कंपनीला कितीही विनंती केली तरी परत मिळत नाही, आणि पैसे घेऊन असे फोटो परत आणून देतो म्हणणाऱ्या अ‍ॅपलाही ती मिळू शकत नाही, कारण त्याच्या हातातही ती रिकामी पावतीच असते. दुसरे असे की, फाइल आता असलीच तर कोणाच्या तरी फोनमध्ये, संगणकात किंवा बॅकअपमध्ये आहे. म्हणून तो फोटो पूर्वी कोणी उतरवून घेतला होता, हाच आपला मुख्य प्रश्न ठरतो.

मात्र शोध सुरू करण्याआधी फाइल खरोखरच सर्व्हरवरून गेली आहे की अडचण आपल्या फोनची आहे, याची खात्री करून घ्यावी. त्यासाठी घरातल्या कोणाला तरी एक ताजा फोटो पाठवायला सांगावा. ताजाही उतरत नसेल तर इंटरनेट, फोनमधली अपुरी जागा किंवा चुकलेली तारीख-वेळ यांपैकी काहीतरी आडवे येत आहे. विशेषतः फोनची तारीख चुकीची असेल तर संदेश येत राहतात आणि फोटो मात्र उतरत नाहीत, असेही होते. ताजा फोटो उतरला आणि जुनाच अडला, तर जुन्याची मुदत संपली असे समजावे. नुकताच फोन बदलला असेल तर आणखी थोडे थांबावे, कारण बॅकअपमधून आधी संदेश परत येतात आणि फोटो त्यामागून, वाय-फायवर, सावकाश येत राहतात. ते काम चालू असताना सगळे जुने फोटो धूसरच दिसतात, आणि घाबरून अ‍ॅप काढून पुन्हा बसवणारे लोक नेमके याच वेळी नुकसान करून घेतात.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, साताऱ्याजवळच्या गावातल्या काकांनी 14 जून 2025 रोजी कुटुंबाच्या गटात जमिनीच्या जुन्या खरेदीखताच्या चार पानांचे फोटो टाकले. नाशिकच्या पुतणीने मोबाइल डेटा वाचवण्यासाठी फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवली होती. तिने पहिली दोन पाने उघडून पाहिली आणि उरलेली दोन सवडीने पाहू म्हणून सोडून दिली. ऑक्टोबरात तिने फोन बदलला, आणि आता वकिलांना चारही पाने हवी आहेत.

पहिल्या दोन पानांचा शोध सोपा आहे, कारण ती एकदा तिच्या फोनमध्ये उतरली होती. जुना अँड्रॉइड फोन हाताशी असेल तर त्यातले फाइल मॅनेजर उघडून फोनच्या अंतर्गत साठ्यात Android, त्यात media, त्यात com.whatsapp, त्यात WhatsApp आणि त्यात Media असे एकेक फोल्डर उघडत आत जावे. तेथे WhatsApp Images हे फोल्डर सापडते. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये हेच WhatsApp नावाचे फोल्डर अंतर्गत साठ्यात थेट समोरच दिसते. आतल्या फोटोंची नावे IMG-20250614-WA0003.jpg अशा धाटणीची असतात. त्यातला आकड्यांचा मोठा गट म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. ही तारीख साधारणपणे फाइल त्या फोनमध्ये आली त्या दिवसाची असते, म्हणून फोटो उशिरा उतरवला असेल तर संदेशाच्या तारखेच्या पुढच्या तारखाही पाहाव्यात.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. WhatsApp Images या फोल्डरमध्ये Sent आणि Private अशी आणखी दोन फोल्डरे असू शकतात. पहिल्यात आपण पाठवलेले फोटो असतात, आणि दुसऱ्यात गॅलरीत दिसू नयेत अशी सेटिंग केलेल्या गप्पांमधले फोटो असतात. या दोन्ही फोल्डरांतले फोटो गॅलरीत येत नाहीत. म्हणून गॅलरी पाहून फोटो नाही असे ठरवू नये, फाइल मॅनेजरमध्येच जाऊन पाहावे. कागदपत्र पीडीएफ स्वरूपात आले असेल तर WhatsApp Documents हे शेजारचे फोल्डर पाहावे.

जुना फोन विकला असेल तर गूगल फोटोज उघडून तेथे WhatsApp Images या फोल्डरचा बॅकअप कधी चालू होता का ते पाहावे, आणि कचऱ्याची पेटीही पाहावी. बॅकअप झालेला फोटो तेथे हटवल्यापासून 60 दिवस राहतो. संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेले असेल आणि तेथून फोटो जतन केला असेल, तर तो Downloads फोल्डरमध्ये सापडू शकतो. आयफोनवर अ‍ॅपचे फोल्डर असे उघडून पाहता येत नाही. तेथे गटाच्या नावावर बोट ठेवून त्यातल्या फोटोंची यादी पाहावी, आणि फोटो आपोआप जतन करण्याची सोय चालू असेल तर फोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये 14 जूनच्या आसपास शोधावे.

उरलेल्या दोन पानांची गोष्ट वेगळी आहे. ती पुतणीने कधी उतरवलीच नव्हती, त्यामुळे ती तिच्या जुन्या फोनमध्ये नाहीत आणि बॅकअपमध्येही नाहीत. बॅकअपमध्ये फोनमध्ये असलेल्या फाइलीच जातात. यासाठी जुना बॅकअप परत आणण्याच्या खटपटीत पडू नये. त्यासाठी अ‍ॅप काढावे लागते, अ‍ॅपबरोबर त्याच्या फोल्डरातले बाकीचे फोटोही जाण्याचा धोका असतो, आणि ज्यासाठी हे करायचे ती पाने तेथे नसतातच. व्हिडिओच्या बाबतीत तर बॅकअपमध्ये व्हिडिओ घेण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणजे ही दोन पाने दुसऱ्या कोणाकडून तरी मागावी लागणार. मागताना नुसते “काका, ते फोटो परत पाठवा” असे लिहिले, तर काकांना महिन्यांच्या शुभेच्छा आणि सुविचार ओलांडत मागे जावे लागते, आणि बहुतेकदा ते राहून जाते. त्याऐवजी तो धूसर संदेश उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर म्हणून लिहावे. आपल्या उत्तरावर मूळ फोटोची चौकट दिसते, काकांनी त्या चौकटीवर बोट ठेवले की त्यांचा फोन त्यांना थेट जूनमधल्या त्या संदेशापाशी नेतो. मजकूरही नेमका असावा: “काका, यातले तिसरे आणि चौथे पान माझ्याकडे उघडत नाही. तुमच्याकडे ते स्पष्ट दिसत असेल तर त्यावर बोट दाबून धरा आणि मला फॉरवर्ड करा.”

काकांकडे फोटो स्पष्ट दिसणे ही त्यातली अट आहे. त्यांच्या फोनमध्ये फाइल असेल तर फॉरवर्ड करताना, सर्व्हरवर ती उरलेली नसली, तरी त्यांचा फोन ती नव्याने चढवतो आणि पुतणीला ताजी, चालू पावती मिळते. काकांनी गॅलरीतला मूळ फोटो हटवला असला, तरी अँड्रॉइड फोनच्या त्या Sent फोल्डरात पाठवलेली प्रत बहुधा उरलेली असते. काकांचाही फोन बदलला असेल आणि त्यांच्याकडेही काही उरले नसेल, तर गटातल्या इतरांना विचारावे. ज्याने त्या वेळी फोटो उघडून पाहिला असा कोणताही सदस्य तो फॉरवर्ड करू शकतो, मूळ पाठवणाराच हवा असे नाही. ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरतात, त्यांना प्रथम विचारणे सोयीचे ठरते.

खरेदीखतासारख्या कागदासाठी मात्र एवढ्यावर थांबू नये. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप त्याचा आकार कमी करते, आणि Sent फोल्डरातली प्रतही अशी कमी केलेलीच असते. मोडीतली किंवा फिकट शाईची अक्षरे, शिक्क्याच्या कडा, दस्त क्रमांक हे मोठे करून पाहताना विरून जातात. काकांच्या कॅमेऱ्यातला मूळ फोटो शिल्लक असेल तर तो त्यांनी जोडणीच्या खुणेवर जाऊन Document या पर्यायाने पाठवावा, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते. मूळ फोटोही नसेल आणि कागद घरात असेल, तर दिवसाच्या उजेडात पुन्हा फोटो काढणे हाच सर्वांत चांगला उपाय आहे.

आपोआप नाहीसे होणारे संदेश किंवा एकदाच पाहता येणारे फोटो यांना यातले उपाय फारसे लागू पडत नाहीत. पहिल्या प्रकारात गटात मजकूरही उरत नाही, आणि त्याआधी कोणी फोटो जतन केला असेल तरच तो मिळतो. दुसऱ्या प्रकारात प्रत ठेवण्याची सोयच नसते, म्हणून पाठवणाऱ्याकडे मूळ फोटो आहे का तेवढेच विचारावे.

पाने आली की ती लगेच बाण दाबून उतरवून घ्यावीत, प्रत्येक पान मोठे करून दस्त क्रमांक आणि तारीख वाचता येते का ते पाहावे, आणि मग ती अ‍ॅपच्या बाहेर, फोनमधल्या वेगळ्या फोल्डरात किंवा संगणकावर, पानांच्या क्रमाने नाव देऊन ठेवावीत. एखादे पान तरीही अडले, तर काकांचा फोन इंटरनेटला जोडलेला असतानाच, त्याच दिवशी, ते पुन्हा पाठवायला सांगावे.

नमस्कार.