जाऊन परत आलेला परिच्छेद

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकाच सरावाविषयी बोलायचं आहे. शिकत असलेल्या भाषेतला परिच्छेद घ्यायचा आणि तो आपल्या भाषेत उतरवायचा. मूळ दूर ठेवायचं, काही काळाने आपल्या मजकुरावरून तो पुन्हा त्या भाषेत लिहायचा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉजर अॅस्कम नावाचे शिक्षक होते, राणी होण्याआधी एलिझाबेथला त्यांनी शिकवलं होतं. त्यांचं 'द स्कूलमास्टर' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1570 साली छापलं गेलं. लॅटिन शिकणाऱ्या मुलासाठी त्यात दोन वह्या सांगितल्या आहेत. एका वहीत सिसरोचा उतारा इंग्रजीत लिहायचा, मग मूळ काढून घ्यायचं, निदान तासभर थांबायचं, आणि दुसऱ्या वहीत तो परत लॅटिनमध्ये आणायचा. त्यानंतर गुरुजी सिसरो शेजारी ठेवून फरक दाखवणार. या तासाभराकडे आपण पुन्हा येऊ.

उदाहरणासाठी मी मुद्दाम हिंदी घेतोय. 'हिंदी तर येतेच' असं आपण सगळे म्हणतो, आणि वाचताना ते खरंही असतं. पुढच्या परिच्छेदातला एकही शब्द तुम्हाला अडणार नाही.

'कल शाम स्टेशन पर मुझे एक पुराना दोस्त मिल गया। उसने मुझे दूर से ही पहचान लिया, पर मैंने उसे नहीं पहचाना। हम बेंच पर बैठकर देर तक बातें करते रहे। गाड़ी छूटने ही वाली थी कि उसे अपनी किताब याद आई।'

आता मराठी: 'काल संध्याकाळी स्टेशनवर मला एक जुना मित्र भेटला. त्याने मला लांबूनच ओळखलं, पण मी त्याला ओळखलं नाही. आम्ही बाकावर बसून बराच वेळ गप्पा मारत राहिलो. गाडी सुटणारच होती, तेवढ्यात त्याला त्याचं पुस्तक आठवलं.'

आणि या मराठीवरून परत लिहिलेलं हिंदी. हे मी रचलेलं आहे, पण यातल्या चुका आपल्याकडच्या नेहमीच्या आहेत.

'कल शाम को स्टेशन पर मुझे एक पुराना दोस्त मिला। उसने मुझे दूर से ही पहचाना, पर मैं उसको नहीं पहचाना। हम बेंच पर बैठकर बहुत देर तक गप्पें मारते रहे। गाड़ी छूटने ही वाली थी, उतने में उसको उसका किताब याद आया।'

आधी सर्वांत बोलकी चूक बघू. 'उसने' बरोबर आलं आणि त्याच वाक्यात 'मैंने'चं 'मैं' झालं. नियम माहीत नसता तर दोन्ही चुकले असते, मग एकच का चुकलं? उत्तर आपल्या मराठी वाक्यात आहे. आपण 'त्याने ओळखलं' म्हणतो, पण 'मी ओळखलं' म्हणतो. भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाबरोबर मराठीत 'ने' तृतीय पुरुषाला लागतो; मी, तू, आम्ही, तुम्ही कोरेच राहतात. हिंदीत तो सगळ्यांना लागतो. म्हणजे मराठीने जिथे हात दिला तिथे हिंदी बरोबर आली, आणि जिथे दिला नाही तिथे घसरली. नुसतं वाचून हे कधीच कळलं नसतं, कारण वाचताना 'मैंने' नीट समजतं आणि डोळा पुढे सरकतो.

'उसका किताब' इथेही तेच. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, हिंदीतलं किताब स्त्रीलिंगी. एक लिंग चुकलं की त्याच्यामागून क्रियापदही जातं, 'याद आई'चं 'याद आया' होतं. म्हणून मोजताना ही एकच चूक धरा. शिवाय मूळात 'अपनी' आहे. 'उसे उसकी किताब' म्हटलं की हिंदी वाचणाऱ्याला ते तिसऱ्याच कुणाचं तरी पुस्तक वाटतं. मराठीत 'आपलं पुस्तक' चालतं, पण बोलताना आपण सर्रास 'त्याचं' म्हणतो, आणि तीच सवय पलीकडे गेली. 'उतने में' ही तर 'तेवढ्यात'ची सरळ नक्कल. हिंदी माणूस 'इतने में' म्हणेल, किंवा मूळासारखा 'कि' घालून मोकळा होईल.

आता 'पहचाना' बघा. व्याकरणाने ते चूक नाही, पण कोरडं आहे. क्षणात ओळख पटली हे हिंदी 'लिया' जोडून सांगते, तसंच मित्र अचानक भेटला हे 'मिल गया'मधल्या 'गया'ने. मूळ आणखी एक गोष्ट गुपचूप शिकवतं. होकारात 'पहचान लिया' आहे, नकारात मात्र साधं 'नहीं पहचाना'. नकार आला की हिंदीत हे जोडक्रियापद बहुधा गळतं. ज्याने आपलं 'पहचाना' त्या 'पहचान लिया'शेजारी ठेवलंय, त्याला हे एका ओळीत दिसतं. या सरावाची खरी कमाई मला अशा जागी वाटते. ढोबळ चुका कुणीही दाखवून देईल. 'चूक नाही, पण असं म्हणत नाहीत' हे दाखवणारं फार थोडं असतं.

आणि 'गप्पें मारते रहे'? ते चांगलं हिंदी आहे, जरा जास्त घरगुती एवढंच. ते आलं कुठून? 'बातें करते रहे'चं आपणच 'गप्पा मारत राहिलो' केलं होतं. घसरण परतीच्या वाटेवर नाही, जाताना झाली होती. म्हणून फरक दिसला की आधी मधलं मराठी वाचायचं. अर्थ तिथेच बदलला असेल, तर परतीच्या वाक्याला दोष देऊ नका. 'शाम को'ही असंच, दोन्ही चालतं. मूळ परिच्छेद हे एक चांगलं उत्तर असतं, एकमेव उत्तर नव्हे. सगळे फरक लाल शाईने खोडणारा माणूस आठवड्याभरात वही बंद करतो.

मधलं मराठी कसं असावं यावर वाद आहेत. शब्दाला शब्द ठेवला, तर परत येताना उत्तर समोरच लिहिलेलं असतं आणि परीक्षा होत नाही. फार मोकळं केलं, तर तुलनेला काही उरत नाही. माझं मत असं की सहज बोलू तसं लिहावं, फक्त वाक्यांची संख्या आणि क्रम मूळाचा ठेवावा.

आता तो तासभर. थांबायचं ते विसरण्यासाठी. लगेच लिहायला बसलात तर कानात मूळ घुमत असतं आणि तुम्ही आठवून लिहिता. परतीचा मजकूर मूळाशी जवळजवळ तंतोतंत जुळला, तर खूश होण्याआधी ही शंका घ्या. चार वाक्यांना तास पुरत नाही असं मला वाटतं. दुसरा दिवस बरा. परिच्छेद साध्या गद्याचा, पाच-सहा वाक्यांचा आणि पूर्ण समजलेला हवा. कविता नको, विनोद नको, आणि भाषांतरित मजकूर तर नकोच, कारण त्यात आधीच एक तिसरी भाषा लपलेली असते.

या सरावाने उच्चार सुधारत नाही, ऐकलेलं पटकन समजू लागत नाही, आणि मूळात जे आलंच नाही ते शिकायला मिळत नाही. वरच्या परिच्छेदात भविष्यकाळ नाही, म्हणून तुमचा भविष्यकाळ कसा आहे हे त्यातून कळणार नाही.

राहतात त्या शंकेच्या जागा, 'वेगळं आहे, पण चालेल का?' अशा. तिथे व्याकरणाचं पुस्तक फारसं कामी येत नाही, ती भाषा घरात बोलणारा माणूस लागतो. त्याला 'हे बरोबर आहे का' विचारू नका, भिडेखातर तो हो म्हणेल. दोन्ही वाक्यं पुढे ठेवा, मूळ कुठलं ते सांगू नका, आणि 'तुम्ही यातलं कुठलं म्हणाल' एवढंच विचारा.