ड रांगेतल्या पाच खुर्च्या

नमस्कार श्रोतेहो. भाऊबीज झाली की आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरायला लागतात. हलके धान घरी आलेले असतात, शेत मोकळं झालेलं असतं आणि त्याच शेतात कनाती लागतात, स्टेज उभं राहतं. वडशाहून कंपनीची गाडी येते. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही घोंगडी घेऊन बसलेलेच आहात.

आज मी सांगणार आहे ती गोष्ट स्टेजवरची नाही, कनातीच्या आतल्या अंधारातली आहे. गेटावर तिकीट फाडून, हातात टॉर्च घेऊन लोकांना खुर्चीपर्यंत नेणारा जो माणूस असतो, त्याची. शहरातल्या नाट्यगृहात त्याला डोअरकीपर म्हणतात. आपल्याकडं तो मंडळाचाच कार्यकर्ता असतो. आपल्या गोष्टीत त्याला लक्ष्मणभाऊ म्हणू. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं, मला फार आनंद झाला. पण नट रंगात येतो तो प्रेक्षक नीट बसलेला असला तर. त्या बसवणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

गोष्ट कळायला एक बारीक बाब ध्यानात ठेवा. नंबराच्या खुर्चीचं तिकीट दोन जागी लिहिलेलं असतं. बुकातून तिकीट फाडलं की मागं स्थळप्रत राहते, तिच्यावर तोच नंबर. आणि खिडकीवर असतो प्लॅन, म्हणजे सगळ्या रांगा आणि खुर्च्यांचा कागद. तिकीट विकलं की प्लॅनवर त्या खुर्चीवर फुली मारायची. आता बुकं खिडकीवरच असली तर भानगड नाही. पण मंडळं बुकं गावोगाव देतात, कोणाच्या किराणा दुकानात, कोणाच्या पानठेल्यावर. तिथं विकलेलं तिकीट स्थळप्रतीवर लगेच येतं, प्लॅनवर मात्र कोणी येऊन सांगेल तेव्हा येतं. एवढंच लक्षात ठेवा: प्लॅनवर फुली नाही याचा अर्थ खुर्ची रिकामी आहे असा होत नाही.

तर त्या गावचं नाटक होतं शुक्रवारी. संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. कनाती भिजल्या, शेतात चिखल झाला, आणि खिडकीवरचा प्लॅनही भिजला, पेन्सिलच्या फुल्या पुसल्या गेल्या. कंपनीच्या पुढच्या सगळ्या तारखा गेलेल्या, एक मोकळी निघाली ती आठ दिवसांनंतरची. मंडळानं ऑटोवर भोंगा बांधून आजूबाजूच्या गावांत सांगितलं की नाटक पुढच्या शुक्रवारी, जुनी तिकिटं चालतील. हे बरोबरच केलं. मग सचिवांनी हाताशी असलेल्या स्थळप्रती पाहून नवा प्लॅन काढला. पण नदीपलीकडच्या गावात पानठेल्यावर दिलेलं एक बुक आलंच नव्हतं, पानठेलेवाला सासरी गेला होता. त्या बुकातून ड रांगेतल्या ११ ते १५ या पाच खुर्च्या आधीच विकल्या गेल्या होत्या. नव्या प्लॅनवर त्या कोऱ्या राहिल्या. आणि खिडकीवर त्याच पाच खुर्च्या, नंबर हातानं टाकून, नव्या तारखेचा शिक्का मारून, पुन्हा विकल्या गेल्या.

म्हणजे खोटं तिकीट कोणाचंच नव्हतं. पैसे दोघांनीही मोजले होते, शंभर रुपयांची पाच, दोन्हीकडं पाचशे.

शुक्रवारी रात्री खिडकीवरून तिकीट घेतलेलं कुटुंब आधी येऊन बसलं. एक म्हातारी आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन पोट्टे. आजीला कमी ऐकू येतं, म्हणून मुद्दाम पुढची रांग घेतलेली. अर्ध्या तासानं नदीपलीकडचे आले. म्हातारे बाबा, त्यांची बायको, मुलगा, माहेरपणाला आलेली मुलगी आणि जावई. जावई पहिल्यांदाच सासुरवाडीच्या मंडईला आलेला. श्रोतेहो, जावयासमोर उभं राहायची पाळी येणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

लक्ष्मणभाऊंनी टॉर्च मारला तर पाचही खुर्च्या भरलेल्या.

मुलगा चिडला. "काऊन जी, आमच्या जागेवर कोन बसून रायलं? उठवा यायले."

बसलेला म्हणाला, "उठवून तं पाहा. पैसे मोजले आमीबी."

अशा वेळी नवखा कार्यकर्ता दोन चुका करतो. एक तर बसलेल्याला आधी उठवतो. उठवलेला माणूस मग गर्दीत उभा राहून बोलतो, त्याच्या बाजूनं चार जण बोलतात, आणि रांगेचं भांडण गावाचं होतं. दुसरी चूक म्हणजे तिकिटावरची तारीख पाहून निकाल देतो. इथं नदीपलीकडच्यांच्या तिकिटावर मागच्या शुक्रवारची तारीख होती. वरवर पाहिलं तर तेच चुकीचे ठरले असते, आणि सासऱ्याला जावयादेखत परत जावं लागलं असतं.

लक्ष्मणभाऊंनी कोणालाच उठवलं नाही. नदीपलीकडच्या बाबांना बाजूच्या बल्लीपाशी एका खुर्चीवर बसवलं आणि दोन्हीकडून एकेक तिकीट मागून घेतलं. टॉर्च खाली, आपल्या गुडघ्याजवळ धरला. (हे मला फार आवडतं. टॉर्च लोकांच्या डोळ्यांवर मारू नये, कधीच. अंधारात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड मारला की तो आधी चिडतो आणि मग ऐकतो.)

त्यांनी आधी नाटकाचं नाव पाहिलं. मंडईच्या दिवशी मोठ्या गावात एकाच रात्री दोन-दोन नाटकं असतात आणि शेजारच्या कनातीचं तिकीट घेऊन आत आलेली माणसं निघतात. नाव एकच होतं. मंडळाचा शिक्का दोन्हीवर. रांग ड, नंबर ११. तिकिटाचा रंगही एकच, म्हणजे दरही एकच. फरक दोनच. एकावर छापील तारीख आणि छापील नंबर. दुसऱ्यावर तारखेवर शिक्का आणि नंबर पेनानं.

तिथंच त्यांना उमगलं. छापील नंबराचं तिकीट बुकातलं, पावसाच्या आधीचं. पेनाचं तिकीट खिडकीवरचं, पावसानंतरचं. भोंग्यावर स्वतः मंडळानं सांगितलं होतं की जुनी तिकिटं चालतील. मग खुर्ची कोणाची? ज्याला आधी विकली त्याची. आणि ज्याला नंतर विकली त्याला तोडीची जागा द्यायची, ती मंडळानं द्यायची. तिकिटं घेणाऱ्यांनी आपसात भांडून ठरवायची गोष्ट नाही ही.

पण तोडीची जागा आधी हातात पाहिजे. पुन्हा सांगतो, आधी जागा हातात, मग माणसाशी बोलणं. लक्ष्मणभाऊ अध्यक्षांकडं गेले. पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली, तिच्यात चार खुर्च्या मोकळ्या होत्या.

अध्यक्ष म्हणाले, "तालुक्याहून पाहुणे येऊन रायले. ते आले तं मी कुठं बसवू?"

"ते आले तं माही खुर्ची देतो, अध्यक्षसाहेब. हे पैसे देऊन उभे आहेत."

तेव्हा स्टेजवर उद्घाटनाची भाषणं चालू होती. उद्घाटन दहा मिनिटांत आटपावं, हे माझं जुनं मत आहे आणि मी ते सोडणार नाही. लोक शंभर रुपये देऊन नाटक पाहायला येतात, पाचव्या वक्त्याचं आभारप्रदर्शन ऐकायला नाही. पोट्टे झोपून जातात, थंडी वाढते, आणि नटांचा पहिला प्रवेश पेंगुळलेल्या लोकांपुढं होतो. असो. अध्यक्षांनी चार खुर्च्या दिल्या. पाचवी ऑफिसातून आणून पहिल्या रांगेच्या टोकाला, कनातीच्या बाजूला लावली. मधल्या वाटेत लावली नाही. मधली वाट मोकळीच पाहिजे, कनातीला एक ठिणगी लागली तर माणसं त्याच वाटेनं बाहेर पडणार.

आता खरं तर उठायचं होतं आजीच्या कुटुंबाला. लक्ष्मणभाऊ तसं सांगायला वाकले, तर आजीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "मी नाही उठत बाप्पा. मले येथून आयकू येते." आणि खरंच होतं ते, पेटीत तबल्यात बुडालेला आवाज तिला त्या जागेवरच नीट येत होता. साउंडचा डबा पहिल्या रांगेच्या बाजूला आहे, आवाज तिथं फाटतो.

मग लक्ष्मणभाऊ त्या बाबांकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबाजी, खुर्च्या तुमच्याच आहेत. तिकीट तुमचं पयलं. चूक आमच्या मंडळाची झाली. तुमी म्हणाल तं आत्ता खाली करून देतो. पन बुढीले तेथून आयकू येते, आन् पयल्या रांगेत पाच जागा तुमच्यासाठी राखल्या आहेत."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग जावयाकडं पाहून म्हणाले, "चला जी, पुढं बसू. बसू द्या बुढीले."

मुलगा कुरकुरला, पण बसला. बाबांनी आधीच "तुमच्याच आहेत" हे चारचौघांत ऐकलं होतं. हक्क कबूल झाल्यावर सोडणं वेगळं आणि धक्का खाऊन हटणं वेगळं. लक्ष्मणभाऊंनी नुसतं "पुढं बसा ना, काय फरक पडते" असं म्हटलं असतं, तर ते बाबा हलले नसते, आणि मीही हललो नसतो.

तालुक्याचे पाहुणे दुसऱ्या अंकाला आले. लक्ष्मणभाऊंनी आपली खुर्ची दिली आणि पहाटेपर्यंत गेटापाशी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी हिशेबाला पानठेल्यावरचं बुक आलं. पाच तिकिटं फाडलेली, मागं त्यांच्या स्थळप्रती, आणि पाचशे रुपये रबर लावून आत ठेवलेले. पानठेलेवाल्यानं एक पैसा इकडचा तिकडं केला नव्हता. सचिवांनी हिशेबाच्या वहीत तिथंच लिहून घेतलं की नाटक पुढं गेलं तर सगळी बुकं गावात परत आल्याशिवाय नवा प्लॅन काढायचा नाही, आणि नवी तिकिटं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापायची. आता त्या गावात पाऊस आला की ऑटो भोंगा घेऊन निघतो, तेव्हा त्यात मंडळाचा एक पोट्टा पिशवी घेऊन बसलेला असतो, बुकं गोळा करायला.