गढूळ बॅग ओतू नका

मंडळी, इथे बसलेले बहुतेक जण पीडी करणारे किंवा घरात कुणाची पीडी करून देणारे आहेत, म्हणून बॅग, कॅथेटर, एक्स्चेंज हे समजावत बसत नाही. विषय दिलाय ‘पेरिटोनायटिस पुन्हा होऊ नये म्हणून’. त्याकडे येतो, पण आधी माझी तक्रार ऐका.

आमच्या एक काकू, वजन पन्नास किलो. एका सकाळी पोटातून निघालेलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं आलं. मुलाने ते मोरीत ओतलं आणि जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी ताप आणि पोटदुखी घेऊन त्या आमच्याकडे आल्या. पाण्यात पेशी 2,400, त्यातल्या 85 टक्के न्यूट्रोफिल. किमान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्यात 100 च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल दिसले, की आम्ही कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू करतो. (रात्री मशीनवर करणाऱ्यांचं पाणी पोटात कमी वेळ राहतं, तिथे आकड्यापेक्षा टक्केवारी बघायची.)

कल्चरमध्ये मात्र काहीच उगवलं नाही. गोळ्यांनी जंतू मेला नव्हता, फक्त लपला होता. मग अंदाजाने दोन औषधं: सेफाझोलिन एक ग्रॅम आणि सेफ्टाझिडिम एक ग्रॅम, दिवसातून एकदा बॅगेत घालून सहा तास पोटात. हाताच्या शिरेतून का नाही, असं मुलाने विचारलं. संसर्ग पोटाच्या पडद्यावर आहे, औषध थेट तिथेच पोचतं, म्हणून. पाचव्या दिवशी पेशी शंभराच्या खाली आल्या, दोन आठवड्यांनी औषध थांबवलं.

तीन आठवड्यांत पाणी पुन्हा गढूळ! या वेळी मुलगा बॅग घेऊन थेट आला. ब्लड कल्चरच्या बाटलीत पाणी घातलं आणि स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस सापडला, सेफाझोलिनला न जुमानणारा. व्हँकोमायसिनने पाणी स्वच्छ झालं. पण औषध संपल्यावर चार आठवड्यांच्या आत आजार उलटला, म्हणजे जंतूंचा थर नळीवरच बसल्याचा दाट संशय. मग एकाच शस्त्रक्रियेत जुनी नळी काढून नवी बसवली. पहिली बॅग ओतली नसती, तर जंतूचं नाव तेव्हाच कळण्याची चांगली संधी होती.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ संपतोय. तेव्हा भराभर. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा, मास्क लावा, पंखा बंद. जोडल्यावर आधी थोडं नवं पाणी निचऱ्याच्या बॅगेत सोडा, मगच पोटात. नळीच्या तोंडाशी रोज म्युपिरोसिन. बद्धकोष्ठता अंगावर काढू नका, आतड्यातले जंतूही पडद्यापर्यंत येतात. अँटिबायोटिक चालू असताना बुरशीविरोधी औषध मागून घ्या, कारण बुरशी झाली की नळी काढावीच लागते. योग्य औषधाच्या पाच दिवसांनीही पाणी निवळलं नाही आणि पेशी उतरत नसतील, तर नळीचा मोह सोडा, पोटाचा पडदा वाचवा. आणि प्रत्येक पेरिटोनायटिसनंतर एक्स्चेंज नर्ससमोर पुन्हा करून दाखवा. जोडताना टोकाला हात लागला असेल, तर क्लॅम्प लावा, पाणी पोटात सोडू नका आणि लगेच युनिटला फोन करा.