मार्कशीटच्या मागच्या पानाचाही फोटो काढा

नमस्कार मंडळी, मी कागदपत्रांची भाषांतरं करते, आणि त्यातही जास्त करून मार्कशीट, म्हणजे कुणाला बाहेरच्या देशात शिकायला जायचं असतं आणि तिथल्या युनिव्हर्सिटीला गुणपत्रिका त्यांच्या भाषेत हवी असते. आज मी तुम्हाला एकाच मार्कशीटबद्दल सांगणार आहे, कारण त्या एका कागदात या कामातली जवळजवळ सगळी गोम आली होती.

बारावीची मार्कशीट, आकडे देवनागरीत, मुलीला जर्मनीत अर्ज करायचा होता. वडिलांनी मोबाईलवर फोटो पाठवला. कागद मधोमध घडी पडलेला, वर ट्यूबलाईटची चकाकी आणि फोटो चॅटमधून आल्यामुळे दबलेला, झूम केलं की अक्षरं फुटायची. मी त्यांना म्हटलं की काका, हाच फोटो परत पाठवा पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे साईझ कमी होत नाही, आणि शक्य असेल तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल अगदी सरळ वर धरून नवीनच काढा. नवीन फोटो येईपर्यंत मी जुन्यावरूनच कच्चं काम सुरू केलं.

सहा विषय, प्रत्येकी १०० मार्कांचे. मराठी ७८, इंग्रजी ७४, गणित ९१, फिजिक्स ८६, केमिस्ट्री ७९, बायोलॉजी ८५. बेरीज केली तर ४९३ आली आणि छापलेली एकूण होती ४९२, आणि शेजारी अक्षरी पण स्पष्ट लिहिलेलं, चारशे ब्याण्णव. म्हणजे कुठेतरी एक मार्क मी जास्त वाचला होता. परत पाहिलं तर घडी बरोबर फिजिक्सच्या आकड्यावरून गेलेली, तो ८५ होता, घडीच्या सावलीमुळे पाचाचा सहा दिसत होता. देवनागरीत फोटोवरून वाचताना पाच-सहा आणि एक-नऊ या दोन जोड्या फार फसवतात, युरोपातल्या हाताने लिहिलेल्या कागदांवर एक आणि सात फसवतात कारण तिकडे एकाला लांब शेंडी काढतात आणि बरेच जण सातच्या मधे आडवी रेघ मारतात. म्हणून बेरीज करून बघणं आणि अक्षरी रकमेशी ताडून बघणं हे मी कधीच सोडत नाही. पण एक लक्षात ठेवा, बेरजेने चूक कुठेतरी आहे एवढंच कळतं, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील तर बेरीज जुळते आणि मार्क चुकीचे राहतात. त्यामुळे नवीन फोटोत स्वतःच्या डोळ्यांनी ८५ दिसला तेव्हाच मी तो लिहिला. आणि दिसलाच नसता तर त्या जागी चौकटी कंसात «अवाचनीय» असं लिहावं लागलं असतं, अंदाजाने आकडा भरायचा नसतो, मग तो कितीही उघड वाटत असला तरी.

आता खरी गोष्ट. ४९२ म्हणजे ८२ टक्के. वडील म्हणाले, मॅडम, तिकडे टक्के कळत नाहीत, तुम्ही सरळ «ए ग्रेड» लिहून टाका ना, काय बिघडतं? मुलीचं भलं व्हावं म्हणूनच म्हणत होते ते. पण भाषांतरात ८२ चे ८२च राहतात, ते बदलायचा हक्क भाषांतर करणाऱ्याला नाही. त्या कागदावर «ए» कुठेही छापलेला नव्हता, आणि अर्ज तपासणाऱ्याने मूळ कागद शेजारी ठेवून पाहिलं असतं तर सगळ्या भाषांतरावरचाच विश्वास उडाला असता. शिवाय ८२ ला काय म्हणायचं हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ८२ म्हणजे «बी»च्या आसपास, आणि ब्रिटनच्या युनिव्हर्सिटीत ७० च्या वर गेलं की फर्स्ट क्लास, तिथे ८२ म्हणजे फारच वरचा मार्क. फ्रान्समध्ये मार्क २० पैकी देतात, १० ला पास, आणि तिथल्या बारावीच्या परीक्षेत १६ मिळाले की «अतिशय चांगला» असा शेरा मिळतो, तर १२ मिळालेल्या मुलाचे कुणी पाचाने गुणून ६० टक्के केले तर त्याच्यावर अन्यायच होईल. जर्मनीच्या शाळेत १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट, आणि शेजारच्या पोलंडमध्ये तेच १ ते ६ आकडे पण बरोब्बर उलटे, ६ उत्तम आणि १ नापास. म्हणजे नुसता «गणित १» एवढंच लिहिलं आणि देश कळला नाही तर ते पोरगं वर्गात पहिलं की नापास हे सांगता यायचं नाही. डेन्मार्कची तर स्केलच मजेशीर आहे, १२, १०, ७, ४, मग शून्य दोन, शून्य शून्य आणि उणे तीन. तिथे दोनच्या आधीचं शून्य टाईप करताना गाळायचं नाही, कारण नुसत्या दोनच्या आधी कुणीतरी एक चिकटवला तर त्याचे बारा होतात!

मग जर्मनीवाले आपले ८२ टक्के त्यांच्या स्केलमध्ये आणतात कसे? त्यांच्याकडे एक सूत्र आहे, सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात त्याला, आणि ते गणित तेच करतात, आपण नाही. जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या मार्कांतून मिळालेले वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त वजा पास होण्याचे कमीत कमी मार्क याने भागायचं, आलेल्या उत्तराला ३ ने गुणायचं आणि त्यात १ मिळवायचा. आपल्या मुलीचं बघा. ६०० वजा ४९२ म्हणजे १०८. पासिंग ३५ टक्के, म्हणजे ६०० पैकी २१०, तर ६०० वजा २१० म्हणजे ३९०. १०८ ला ३९० ने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा, येतात १.८३. आता समजा कुणी पासिंग ४० टक्के धरलं तर तेच येतात १.९०. आणि ५० धरलं तर २.०८. मुलीचा एक मार्कही हललेला नाही, फक्त पासिंगचा आकडा बदलला आणि ती दोनच्या अलीकडून पलीकडे गेली, आणि जिथे जागा मोजक्या असतात अशा कोर्सला हा फरक प्रवेश मिळणार की नाही इथपर्यंत जाऊ शकतो.

म्हणून माझ्या दृष्टीने मुलीच्या मार्कांइतकाच महत्त्वाचा आकडा तो पासिंगचा, आणि मला आलेल्या फोटोत तो कुठेच नव्हता. मी विचारलं, काका, मागच्या बाजूला काही छापलंय का? म्हणाले, हो, काहीतरी बारीक अक्षरात नियम आहेत, ते कशाला हवेत? तेच तर हवे होते! मागे सगळं होतं, प्रत्येक विषयात पास व्हायला किती लागतात, कुठल्या टक्क्याला कुठला क्लास, आणि फुलीच्या खुणेचा अर्थ काय. मी ते पान पूर्ण भाषांतर केलं, «पान २ पैकी २» असं वर टाकून, आणि पहिल्या पानावर गुणांच्या तक्त्याखाली एकच टीप लिहिली की पास होण्यासाठीचे किमान गुण मूळ कागदाच्या मागच्या बाजूस दिले आहेत. टीप माझी आहे, मूळ कागदातली नाही, हे पण तिथेच स्पष्ट लिहिलं. जेव्हा मागचं पान कोरं असतं तेव्हा मात्र मी स्वतःच्या माहितीवर आकडा टाकत नाही, शाळेकडून किंवा बोर्डाकडून गुणपद्धतीचं पत्र आणायला सांगते आणि त्या पत्राचं भाषांतर सोबत जोडते.

बाकी बारीकसारीक, शिक्का दिसला तर «गोल शिक्का» आणि त्यातला मजकूर, सही दिसली तर «सही», तारखेत महिना आकड्यात नाही तर अक्षरात, कारण ३/६ म्हणजे कुणासाठी ३ जून आणि कुणासाठी ६ मार्च, आणि जर्मन भाषांतर असेल तर १.८ मधल्या टिंबाच्या जागी स्वल्पविराम. शेवटी प्रमाणपत्राच्या ओळीत मी लिहिलं की हे भाषांतर मूळ कागदाच्या फोटोवरून केलंय. कारण मूळ कागद मी हातात घेतलेला नव्हता. वडील थोडे बिचकले, असं लिहिलं तर चालेल का म्हणाले, मी म्हटलं की अर्ज करायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या पानावर बघून घ्या, तिथे शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर मागितलं असेल तर हा कागद आणि मूळ मार्कशीट दोन्ही घेऊन त्याच्याकडेच जावं लागेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही बाजूंचे नवीन फोटो पाठवले, खिडकीजवळ काढलेले, फिजिक्सचा ८५ एकदम ठळक.