रिकाम्या दप्तराचे वजन

[दृश्य: बोहरी आळी, पुणे. दुकानाबाहेर टांगलेली दप्तरे.]

जून उजाडण्याआधीचे हे दिवस. रविवार पेठेतल्या या बोळात दप्तरे दोरीवर अशी दाटीने लटकतात की समोरचे दुकान दिसत नाही. प्रत्येक दप्तराला एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर किंमत आहे, रंगाचा क्रमांक आहे, आत किती लिटर सामान मावेल तेही छापलेले आहे. मात्र रिकाम्या दप्तराचे वजन किती, हे आम्ही पाहिलेल्या एकाही चिठ्ठीवर नव्हते. म्हणून प्रवासी बॅगा तोलण्यासाठी मिळतो तो हातात धरायचा छोटा काटा आम्ही सोबत नेला होता.

[दृश्य: काट्याला अडकवलेले दप्तर, आकडे स्थिरावतात.]

पहिले दप्तर सर्वांत खपाचे आहे. समोरचा भाग टणक, साच्यात घालून फुगवलेला, त्यावर उठावदार चित्र, आत तीन कप्पे. काटा 900 ग्रॅम दाखवतो. दुसरे दप्तर साध्या पॉलिस्टर कापडाचे आहे. त्याला दोन कप्पे आहेत, पाठीच्या बाजूला पातळ फोम आहे, आणि ते 420 ग्रॅम भरते. दोन्हींमध्ये पहिलीची पुस्तके सारखीच बसतात. टणक दप्तरातले जवळपास अर्धा किलो वजन चित्राचे, साच्याचे आणि जादा चेनींचे आहे.

हा अर्धा किलो किती मोठा, हे मुलाच्या वजनाशी ताडल्याशिवाय कळत नाही. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे असे सुचवले आहे. पहिली-दुसरीसाठी त्यात 1.6 ते 2.2 किलो असा पल्ला दिला आहे. अनेक पालक त्यातला मोठा आकडा लक्षात ठेवतात. पण तो 22 किलो वजनाच्या मुलासाठी आहे. आमच्यासोबत आलेली मुलगी यंदा पहिलीत जाते आहे आणि तिचे वजन 18 किलो आहे. तिच्यासाठी मर्यादा 1 किलो 800 ग्रॅम. टणक दप्तर घेतले, तर त्यातली निम्मी मर्यादा एकही वही न भरता संपते.

[दृश्य: दप्तर उलटे करून आतले अस्तर.]

कापड पाहायचे ते आतून. दप्तर उलटे केल्यावर पॉलिस्टरच्या मागे पाणी अडवणारा पातळ थर दिसतो. तो मऊ असेल आणि त्याला फारसा वास नसेल, तर तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. थर जाड, चकचकीत, रेक्झिनसारखा असेल आणि चेन उघडताच नव्या पडद्यासारखा उग्र वास येत असेल, तर तो पीव्हीसीचा असण्याची शक्यता बरीच आहे. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ करण्यासाठी त्यात थॅलेटसारखी द्रव्ये मिसळतात, आणि ती प्लास्टिकमध्ये पक्की बांधलेली नसल्यामुळे हळूहळू बाहेर पडतात. खेळण्यांसाठीच्या भारतीय मानकात थॅलेटवर मर्यादा आहे. दप्तर मात्र खेळण्यांत मोडत नाही. नाकाने थॅलेट मोजता येत नाही, एवढे मान्य करूनही, ज्या दप्तराचा वास दोन दिवस उन्हाआड वाऱ्यावर ठेवूनही जात नाही ते घेऊ नये, असे आमचे मत आहे.

[दृश्य: मुलीच्या पाठीवर दप्तर, बाजूने.]

पट्टे दोन इंच रुंद हवेत आणि दप्तराचा तळ कमरेच्या फार खाली लोंबता कामा नये. “पुढच्या वर्षीही चालेल” म्हणून घेतलेले मोठे दप्तर लोंबते, आणि ते सावरण्यासाठी मूल पुढे झुकते. या चित्रात ती कशी उभी आहे ते दिसतेच आहे.

[दृश्य: बाटल्यांचे शेल्फ. मग बाटलीचा तळ, अगदी जवळून.]

आता बाटली. तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा असतो. हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो, दर्जा सांगत नाही. रोज धुऊन वापरायच्या बाटलीसाठी 5, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, किंवा 2, म्हणजे दाट पॉलिथिलीन, हे आकडे चांगले. 1 हा आकडा विकतच्या पाण्याच्या बाटल्यांवर असतो; ते प्लास्टिक गरम पाण्याने आकसते आणि घासून धुण्यासाठी बनवलेले नसते.

घोटाळा 7 या आकड्यात आहे. 7 म्हणजे ‘इतर’. त्यात नव्या जातीचे, बिस्फेनॉल-ए म्हणजेच बीपीए हे रसायन नसलेले प्लास्टिक येते आणि पॉलिकार्बोनेटही येते. पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल-ए पासूनच बनते. गरम पाणी, तीव्र साबण आणि चरे यांमुळे त्यातून ते द्रव्य पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते. काचेसारखी स्वच्छ, कडक, टिचकीला टणटणणारी बाटली पाहिली की मुलांना ती आवडते. आकडा 7 असेल आणि ‘बीपीए-फ्री’ असे स्पष्ट छापलेले नसेल, तर ती परत शेल्फवर ठेवावी.

[दृश्य: पाण्याचा ग्लास, दोन तुकडे.]

घरी आकडा पुसला गेलेली जुनी बाटली असेल, तर हे करून पाहता येते. एका मोडलेल्या दुधी झाकणाचा तुकडा आणि एका फुटलेल्या पारदर्शक बाटलीचा तुकडा आम्ही पाण्यात टाकला आणि बोटाने बुडवून सोडून दिला. दुधी तुकडा वर आला. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन पाण्याहून हलके असतात, म्हणून ते तरंगतात. पारदर्शक तुकडा तळाशी गेला. तो पॉलिकार्बोनेट असेल किंवा दुसरेही एखादे जड प्लास्टिक असेल. बुडण्यावरून नेमके कोणते ते ठरत नाही, पण तो 2 किंवा 5 नव्हे एवढे ठरते.

स्टील हा सुटसुटीत पर्याय वाटतो. मात्र थंड पाण्यासाठीच्या दुहेरी भिंतीच्या अर्धा लिटर बाटलीचे रिकामे वजन आमच्या काट्यावर 320 ग्रॅम भरले, तर पॉलिप्रोपिलीनच्या बाटलीचे 110. स्टील घ्यायचेच तर एकेरी भिंतीचे आणि आयएसआय चिन्ह असलेले घ्यावे. चुंबक चिकटत नाही म्हणून स्टील उत्तम, हा दुकानातला दाखला पुरेसा नाही, कारण स्वस्त 200 मालिकेचे स्टीलही सहसा चिकटत नाही. झाकणातले वॉशर नखाने निघते का, तेही तिथेच पाहावे. जे निघत नाही त्याच्या खाचेत महिन्याभरात काळी बुरशी धरते.

[दृश्य: घर. जमिनीवर मांडलेले सामान, शेजारी काटा.]

घरी सगळे एकत्र तोलले. पुस्तके-वह्या 600 ग्रॅम, भरलेला डबा 350, पत्र्याचा कंपास 150. टणक दप्तर आणि दुहेरी भिंतीची भरलेली बाटली घेतली असती, तर एकूण 2 किलो 820 ग्रॅम झाले असते. साधे दप्तर आणि प्लास्टिकची भरलेली बाटली घेऊन ते 2 किलो 130 वर आले, तरीही मर्यादेच्या वरच. मग मोठा वाटा कशाचा ते उघड झाले: पाण्याचा. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो, बाटली कोणतीही असो. तिच्या शाळेत पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, आई तो स्वतः पाहून आली आहे. त्यामुळे सकाळी बाटली अर्धीच भरायची आणि मधल्या सुट्टीत पुन्हा भरून घ्यायची, असे ठरले. कंपासच्या जागी 60 ग्रॅमची कापडी पिशवी आली.

[दृश्य: काट्यावर 1.79.]

काटा 1 किलो 790 ग्रॅमवर थांबला. गुरुवारी चित्रकलेची वही असते. त्या दिवशी डब्याखालची मोठी वही घरी ठेवायची की नाही, यावर आई आणि मुलगी अजून बोलत आहेत.